अंगठा, नखे आणि एक मिनिटाची चित्रफीत

माझ्या दवाखान्यात नियमित येणाऱ्या एका कुटुंबातील मुलगा ॲनिमेशनचे शिक्षण घेतो. बालवाडीतील मुलांसाठी हात धुण्याविषयी त्याने एक चित्रफीत तयार केली आणि "डॉक्टरकाका, वैद्यकीय चुका तेवढ्या सांगा," म्हणून मला दाखवली. चिंगी नावाची मुलगी, साबणाची हसरी वडी आणि दातओठ खाणारे हिरवे जंतू, अशी मोजकीच पात्रे होती. कृतींचा क्रमही बरोबर होता. मी म्हणालो, "मुलांना दाखवून पाहू. चुका तीच सांगतील."

पुढच्या रविवारी शेजारची तीन मुले आईवडिलांसह आली. चित्रफीत दोनदा दाखवल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि साबणाऐवजी तळहातावर चमचाभर पांढरा, सहज धुऊन जाणारा पोस्टर रंग दिला. 'आता चिंगीसारखे हात चोळा,' एवढेच सांगितले. रुमाल सोडला तेव्हा तिघांचे तळवे पांढरेशुभ्र होते. परंतु अंगठे, बोटांची टोके आणि बोटांमधील फटी जवळजवळ कोरड्या होत्या. जेथे रंग पोहोचला नाही, तेथे साबणही पोहोचत नाही. मुलांना हसण्याचे कारण नाही. १९७८ साली ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या हातांवर रंग वापरून अशीच पाहणी झाली होती, तेव्हाही प्रामुख्याने हेच भाग सुटलेले आढळले.

चित्रफितीत अंगठा होता, मग तो सुटला कसा? आम्ही घड्याळ लावून पाहिले. संपूर्ण फीत पंचवीस सेकंदांची आणि अंगठ्याच्या वाट्याला जेमतेम दोन सेकंद. चार वर्षांचे मूल आधी पाहते, मग स्वतःच्या हाताकडे वळते, मग कृती करते. ते हाताकडे वळेपर्यंत पडद्यावर नखे सुरू झालेली असत. शिवाय चिंगी एकच अंगठा चोळत होती. दुसरा 'तसाच' हे मोठ्यांना कळते, मुलांना नाही. ती प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असल्याने तिचा उजवा हात मुलांना डावीकडे दिसे आणि त्यांचा गोंधळ उडे.

माझा मुख्य आक्षेप मात्र जंतूंच्या मरणावर होता. फेस लागताच ते फटाक्यासारखे फुटत. काही विषाणूंचे स्निग्ध आवरण साबणाने फुटते हे खरे. परंतु हात धुण्याचे मोठे काम निराळे आहे. साबण त्वचेवरील तेलकट थर सुटा करतो, चोळण्याने त्यातील जंतू उचलले जातात आणि वाहते पाणी त्यांना घेऊन जाते. फेस लागताच जंतू संपले असे पाहणारे मूल साबणाला स्पर्श करून हात पाण्याखाली धरते आणि पळते. जुलाबाचे जंतू नखांखाली तसेच राहतात आणि पुढच्या घासाबरोबर पोटात जातात.

त्याने फीत नव्याने बांधली. आता पडद्यावर केवळ दोन हात दिसतात, पाहणाऱ्याला स्वतःचे हात दिसतात त्याच बाजूने. हात भिजवणे आणि साबण घेणे यांना आठ सेकंद, आणि त्यानंतर नळ बंद. मग तळवे चार, दोन्ही हातांच्या मागच्या बाजू सहा, बोटांच्या फटी चार, मिटलेल्या बोटांच्या पाठी चार, एकेक अंगठा तीन आणि एकेका हाताची नखे दुसऱ्या तळव्यावर तीन सेकंद: चोळण्याचे एकूण तीस सेकंद. धुण्याला दहा, कोरड्या स्वच्छ रुमालाने पुसण्याला सात. पंचावन्न सेकंद झाले. जागतिक आरोग्य संघटना साबण-पाण्यासाठी चाळीस ते साठ सेकंद सांगते. प्रत्येक कृतीला एकच छोटे वाक्य ऐकू येते, आणि ती पूर्ण होईपर्यंत तेच चित्र पुन्हापुन्हा हलत राहते. जंतू आता फुटत नाहीत. फेसात घसरतात आणि पाण्याबरोबर मोरीत वाहून जातात.

पुन्हा रंगाची चाचणी घेतली. अंगठे पांढरे झाले, फटीही बऱ्याच भरल्या. एका मुलीची नखे तेवढी सुटली, कारण ती वाढलेली होती. ते काम चित्रफितीचे नव्हे, नेलकटरचे.

घरी मुलांना अशी एखादी फीत दाखवणार असाल, तर प्रथम स्वतः बेसिनपाशी उभे राहून तिच्या गतीने हात धुऊन पाहा. आपण मागे पडलात, तर मूल निश्चित मागे पडेल. मग चमचाभर रंग आणि एक रुमाल घ्या; फीत कितपत पोहोचली, ते मुलाचा अंगठाच सांगेल.