समुद्री पवनऊर्जेतील नोकरी: कोणते प्रशिक्षण आधी?

ब्रिटनच्या तेलक्षेत्रात मुरलेला विद्युत अभियंता समुद्री पवनऊर्जेकडे वळू पाहतो, तेव्हा पहिली अडचण ज्ञानाची नसून प्रमाणपत्राची असते. तेलफलाटावर हेलिकॉप्टरने जावे लागते. म्हणून तेथील ‘बोसिएट’ प्रशिक्षणात पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून सुटका करून घेण्यास शिकवितात. ते ४ वर्षे ग्राह्य असते. पवनचक्कीवर मात्र बहुधा नौकेतून शिडीवर पाऊल टाकून चढावे लागते. त्यामुळे तेथे ‘जीडब्ल्यूओ’चे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण मागतात: प्रथमोपचार, भार हाताळणे, आगीपासून बचाव, उंचीवरील काम आणि समुद्रात जीव वाचविणे. त्याची मुदत अवघी २ वर्षे.

येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. पदरमोड करून हे प्रमाणपत्र घ्यावे आणि नोकरीचा शोध लांबला, तर उजळणीचा खर्च पुन्हा माथी येतो. शिवाय ते मनोऱ्यावर सुरक्षितपणे वावरण्यापुरतेच असते. यांत्रिक, विद्युत व हायड्रॉलिक कामांचे मूलभूत तांत्रिक प्रशिक्षण निराळे असून त्याला मुदत नाही. उच्चदाब विद्युत उपकरणांवरील कामाची अधिकृत परवानगी तर कोणतीही प्रशिक्षण संस्था देत नाही. ती प्रकल्पस्थळी, पारखून घेतल्यावरच मिळते.

जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला ‘एनर्जी स्किल्स पासपोर्ट’ तेलक्षेत्रातील अनुभव पवनऊर्जेतील कोणत्या पदाशी जुळतो, हे दाखवितो. त्यावरून उणीव ओळखावी, तांत्रिक प्रशिक्षण आधी पुरे करावे आणि मुदतीचे प्रमाणपत्र नोकरी दृष्टिपथात आल्यावरच घ्यावे. ते कंपनीच्या खर्चाने होईल का, हेही मुलाखतीतच विचारावे.