नावामुळे अडकलेले आखातातले पैसे

आखातातून मुलाने बीडला पाठवलेले पैसे मध्येच थांबले की घरचे घाबरून जातात. पुष्कळदा अडचण फक्त नावाची असते. बँकेचा संगणक पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीशी ताडून बघतो.

या यादीत २००३ पासून दाऊद इब्राहिमचे नाव आहे. समजा, आपल्या गेवराईच्या दाऊद इब्राहिम शेखने पगार घरी पाठवला, तर संगणक अडवणारच. पण यादीत जन्मतारीखही आहे : २६ डिसेंबर १९५५, जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. आपला दाऊद १९९४ चा, जन्म गेवराईचा. एवढा फरक कागदावर दाखवला की बँकेला दोन माणसे वेगळी करता येतात.

म्हणून ज्या बँकेतून पैसे पाठवले, तिथेच पाठवणाऱ्याने व्यवहार क्रमांक, पासपोर्टची प्रत, जन्मतारीख, जन्मगाव, घेणाऱ्याशी नाते, पैशांचे कारण आणि पगाराची स्लिप लेखी द्यावी. घेणाऱ्याचे नाव जुळले असेल तर त्याचीही जन्मतारीख आणि ओळखपत्र द्यावे. आम्ही एक गोष्ट मात्र बजावून सांगतो : नावाचे स्पेलिंग बदलून पैसे पुन्हा पाठवू नका. त्याने लपवाछपवीचा संशय येतो आणि साधी चौकशी लांबते.