आधी प्रवेश, मग मार्गदर्शक

पुण्याच्या आयसरमध्ये जीवशास्त्राच्या पीएचडीला आधी प्रवेश मिळतो. पहिल्या वर्षी विद्यार्थी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करतात. याला लॅब रोटेशन म्हणतात. मार्गदर्शक त्यानंतर ठरतो. मग अर्जात आपली आवड लिहायची कशी?

आमच्या आदिलाबादच्या कापूसपट्ट्यातल्या एका मुलीने लिहिले होते, ‘कीटकांवर संशोधन करायचे आहे, अमुक सरांकडेच.’ त्या सरांकडे जागाच नसेल, तर निवड समिती तिला बसवणार कुठे? मी म्हटले, ‘अगं, सर धरू नकोस, प्रश्न धर. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद का देत नाही?’ त्यातून तीन वाटा निघाल्या: अळीच्या जनुकांत झालेला बदल, तिच्या आतड्यात विषाचा चुकलेला परिणाम, आणि शेतोशेती पसरणारी प्रतिकारशक्ती. प्रत्येक वाटेला एक प्रयोगशाळा शोधायची. तिथला कोणता शोधनिबंध वाचला आणि तिथे काय शिकायचे, हे दोन वाक्यांत लिहायचे. यंदा तिथे विद्यार्थी घेणार आहेत का, तेही आधी विचारायचे.

शेवटी प्रयोगशाळेचे नाव बदलून पाहावे. वाक्य तसेच चालत असेल, तर ते पुन्हा लिहावे.