वाढ किती आणि वाढीचा भास किती

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर या भागांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा तोडणीदर टनामागे सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, म्हणजे ३४ टक्के वाढला. हा आकडा ऐकून कोणासही समाधान वाटेल. पण टक्का हा अर्धाच हिशेब होय. उरलेला अर्धा बाजारात लपलेला असतो.

२७३ रुपयांचा दर २०२० मध्ये ठरला होता. २०१२ हे मूळ वर्ष धरून सरकार जो ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध करी, तो ऑक्टोबर २०२० मध्ये १५८.४ होता आणि जानेवारी २०२४ मध्ये १८५.५ झाला. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागिले असता १.१७ येतात. अर्थात २७३ रुपयांत जे मिळे, त्यास आता ३२० रुपये पडू लागले. तेव्हा ९३ रुपयांच्या वाढीपैकी ४७ रुपये केवळ खड्डा बुजविण्यात गेले; खरी वाढ ४६ रुपयांची, म्हणजे ३२० वर सुमारे साडेचौदा टक्क्यांची झाली. येथे पुष्कळजण ३४ मधून १७ वजा करून मोकळे होतात. ती रीत चुकीची होय, कारण नवा पैसा नव्या भावानेच मोजिला पाहिजे; म्हणून वजाबाकी न करता भागाकार करावा.

पण गोष्ट येथेच संपत नाही. हा दर तीन हंगामांसाठी ठरला, आणि भाव मात्र कोणाच्या करारास बांधलेले नसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्देशांक १९७.३ झाला. त्या भावाने जुन्या २७३ ची बरोबरी करण्यास ३४० रुपये लागतात. म्हणजे पाच वर्षांनी हाती राहिली ती साडेसात टक्क्यांची वाढ. सालास दीड टक्का! शिवाय २०२० ते २०२४ या काळात तोच दर महिन्यागणिक झिजत होता, ती झीज निराळीच.

एक मर्यादा ध्यानी ठेवावी. या निर्देशांकात खाद्यपेयांचा वाटा शंभरांत सुमारे ४६ होता. ज्या घरी मिळकतीचा मोठा भाग ज्वारी, तेल आणि डाळ यांतच जातो, त्या घरास अन्न महागले की झळ अधिक लागते. तसेच दर म्हणजे मिळकत नव्हे. ऊस किती टन तुटला आणि मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, यांवर ती ठरते.

वाचकांनी आपल्या घरच्या पगारासही हीच कसोटी लावून पाहावी. मागील पगारवाढीच्या महिन्याचा निर्देशांक घ्यावा, आजचा त्याच मूळ वर्षावर आणून घ्यावा आणि भागाकार करावा. मात्र वाढ झाली त्या दिवशी नव्हे, तर पुढील वाढीच्या आदल्या दिवशी. पगाराचे खरे मोल त्या दिवशीच कळते.