बँक फोडली, पण तो दरोडा नव्हता!

नोव्हेंबर २०१७ मध्ये जुईनगरच्या बँक ऑफ बडोदात चोरट्यांनी शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून सुमारे ३० लॉकर फोडले. पनवेलपासून सीएसएमटीपर्यंतच्या लोकलमध्ये तेव्हा एकच शब्द होता : दरोडा. आरोपी पाचपेक्षा जास्त, लूट मोठी. तरीही कायद्याच्या भाषेत ती घरफोडी आणि चोरी. कारण बँक बंद होती, कोणालाही धाक दाखवला गेला नाही.

गुन्ह्याचे नाव लुटीच्या रकमेवर ठरत नाही. ते एकेक घटक जोडत ठरते.

समजा, कळंबोलीत रात्री ट्रकचालक ट्रकबाहेर उघड्यावर झोपला आहे. कोणी त्याचा मोबाइल गुपचूप उचलला, तर ती चोरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार शिक्षा साधारणपणे ३ वर्षांपर्यंत. चालक जागा झाला, त्याने हात धरला आणि मोबाइल घेऊन जाण्यासाठी चोराने त्याला तिथेच मारण्याचा धाक दाखवला, तर त्याच चोरीची जबरी चोरी होते. कलम ३०९, शिक्षा १० वर्षांपर्यंत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर घडली तर १४ वर्षांपर्यंत.

इथेच एक बारकावा आहे. चोराने मोबाइल तिथेच टाकला आणि फक्त सुटण्यासाठी धक्का मारला, तर मारहाणीचा गुन्हा वेगळा लागतो, पण जबरी चोरी होत नाही. बळ लुटीसाठी वापरलेले असावे लागते.

खंडणीत वस्तू गुन्हेगार उचलत नाही. भीतीपोटी माणूस स्वतःच ती देतो. ‘आठवड्यात पैसे पोहोचव, नाहीतर बघून घेऊ,’ अशा फोनवरून दुकानदाराने पैसे दिले तर कलम ३०८. पण धमकावणारा समोर उभा आहे, चाकू दाखवतोय आणि पैसे जागेवरच काढून घेतोय, तर ती खंडणीही जबरी चोरी ठरते.

हीच जबरी चोरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली, की दरोडा. कलम ३१०, शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. रस्त्यावर पहारा देत मदत करणाराही या पाचांत मोजला जातो. चौघेच असतील, तर जबरी चोरीच.

म्हणूनच फिर्याद देताना ‘मोबाइल गेला’ एवढेच सांगून भागत नाही. किती जण होते, कोणी अडवले, मार किंवा धाक वस्तू नेण्याआधी, नेताना की नंतर, हे जबाबात स्पष्ट हवे. तो तपशील सुटला, तर जबरी चोरी कागदावर साधी चोरी होऊन बसते. बातम्यांनीही प्रत्येक मोठ्या चोरीला दरोडा म्हणणे थांबवावे. लोक त्याच शब्दांत तक्रार सांगायला शिकतात.