प्रूफ कोणी वाचलं?

यंदा परीक्षणासाठी आमच्याकडे जी पुस्तकं आली, त्यांतल्या बहुतेकांच्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठकार आहे, अक्षरजुळणी करणारा आहे, मुद्रक आहे. प्रूफ वाचणारा नाही. चार पानं उलटली की खात्री पटते, नाव राहून गेलेलं नाही. ते काम कुणी केलेलंच नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आपल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं, कापूस-सोयाबीनच्या भावाचं दुखणं तसंच राहिलं. त्यावर या दिवाळी अंकात लेख आहेतच. मला वर्षभर खुपलं ते हे न वाचलेलं प्रूफ.

एक उदाहरण देतो. लेखक जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर देतो, छापखान्यात तो युनिकोडमध्ये बदलला जातो. या बदलात रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते आणि ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ होतं. या चुका विखुरलेल्या नसतात. एक सापडली की तीच पुस्तकभर असते. म्हणून जाणता मुद्रितशोधक आधी रफार, वेलांटी आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ असलेले शब्द संगणकावर शोधतो. तिथेही एक खोच आहे. हा ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. म्हणून दोन्ही शोधावे लागतात, आणि त्यानंतरही मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावीच लागते, कारण गळलेला परिच्छेद संगणक दाखवत नाही.

आपल्याकडे याहून मोठं नुकसान बोलीचं होतं. दूरच्या शहरातला प्रूफ वाचणारा ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ या चुका समजतो आणि प्रामाणिकपणे ‘मला’, ‘तुला’, ‘का’ करून ठेवतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ला (१९६०) असा हात लागला असता, तर कौतिक परक्या भाषेत बोलली असती. यावर उपाय साधा आहे. पहिल्या वाचनाआधी लेखकासोबत बसून एका कागदावर ठरवून घ्यायचं: निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत, ‘मंग’ लिहायचं तर शेवटपर्यंत ‘मंग’च. हे काम तेल्हारा-अकोटच्या तरुणाइतकं चांगलं दुसरा कोण करील?

पण ‘यात पोट भरतं का?’ हे तरुण विचारतात, तेव्हा मी आधी हिशेब मांडायला सांगतो. समजा, पुस्तक १६० पानांचं, पानाला २५० शब्द, म्हणजे ४० हजार शब्द. तासाला आठ पानं धरली तर पहिल्या वाचनाला २० तास लागतात. दुसऱ्यात दुरुस्त्या उतरल्या का आणि त्या करताना नवी चूक घुसली का, हे पाहायला १०. शेवटच्यात अनुक्रमणिका, पानांचे आकडे, शीर्षकं तपासायला पाच. एकूण ३५ तास. शब्दाला २० पैसे ठरले तर आठ हजार होतात. तासाला सव्वादोनशेच्या आसपास. दर पानावर ठरवला आणि छापणाऱ्याने अक्षर बारीक करून पानाला ४०० शब्द बसवले, तर तेच काम १०० पानांचं होतं आणि मजुरी घटते. म्हणून दर शब्दावर ठरवा, पाच पानं नमुन्यादाखल वाचून द्या, तिसरा हिस्सा आगाऊ घ्या आणि वाचनं किती, ते लिहून ठेवा. ‘अजून एकदा बघून द्या’ यातच कमाई जाते.

आणि एकट्या लेखकाच्या भरवशावर राहू नका. तो पाच-सात वर्षांत एकदा पुस्तक काढतो. पतसंस्थेचा अहवाल दरवर्षी निघतो. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्याने तो जुलै-ऑगस्टमध्ये हाती येतो. त्याच सुमारास दिवाळी अंक येतात. महाविद्यालयांची वार्षिकं आणि प्रबंध उरलेले महिने भरून काढतात. एखाद्या संस्थेचे नियम, नावं, पदं यांचा कागद एकदा तयार केला की पुढच्या वर्षी ती तुमच्याकडेच येते, कारण नव्या माणसाला सगळं पुन्हा समजावत बसायची तिची तयारी नसते. अशा चार-पाच संस्था जोडायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर दुसरं उत्पन्न हवं, हे मी कुणापासून लपवत नाही.

यंदाचा आपला अंक बोलीवर आहे. बोली छापायची तर ती जाणणाऱ्याने वाचूनच छापली पाहिजे, म्हणून या अंकात प्रूफ वाचणाऱ्यांची नावं लेखकांच्या यादीखाली दिली आहेत. लेखकांना माझं सांगणं एवढंच: मुखपृष्ठाचा खर्च धरता, तसा मुद्रितशोधनाचाही धरा आणि करणाऱ्याचं नाव छापा. आणि वाचकहो, पुस्तक विकत घेताना ते नाव शोधा. नसेल तर प्रकाशकाला विचारा.