शंभर पट, पण कशाच्या?

मागच्या महिन्यात पहिल्या शनिवारी आईला घेऊन बँकेत गेलो. आठ महिने वेटिंग लिस्टवर काढल्यावर आम्हाला एकदाचा लॉकर मिळाला होता. बाळकुममध्ये टॉवर उभे राहतात पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे, पण बँकेच्या तळघरातले लॉकर काही त्या वेगाने वाढत नाहीत. त्यामुळे लॉकर मिळाला याचाच आईला इतका आनंद, की मॅडमनी समोर ठेवलेल्या स्टँपपेपरवर ती लगेच सही करायला निघाली.

"काकू, इथे, इथे आणि प्रत्येक पानावर खाली," मॅडम म्हणाल्या.

"जरा वाचू का?" मी.

"अहो, स्टँडर्ड आहे तो. सगळीकडे हाच असतो."

तर मंडळी, हे खरं आहे. करारनामा स्टँडर्डच असतो. इंडियन बँक्स असोसिएशनने एक नमुना बनवला आहे आणि बहुतेक बँका तोच थोडा इकडेतिकडे करून वापरतात. आपल्यासारखे लोक सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना 'आय अ‍ॅग्री'वर न वाचता क्लिक करतात, त्यामुळे आपल्याला हे नवीन नाही. फरक इतकाच, की सॉफ्टवेअर बिघडलं तर अनइन्स्टॉल करता येतं. आजीच्या पाटल्या अनइन्स्टॉल झाल्या तर परत येत नाहीत. म्हणून बाकावर बसून बारा पानं वाचली. मागे रांग, मॅडमचा चेहरा आणि आईचं "अरे, लोक थांबलेत" हे सगळं सहन करून वाचली.

पहिला मुद्दा भाड्याचा. आमचा सगळ्यात छोटा लॉकर, भाडं वर्षाला दोन हजार, वर जीएसटी. शिवाय मॅडमनी दोन लाखांची एफडी करायला सांगितली. आता नियम असा आहे, की बँक ठेव मागू शकते, पण ती तीन वर्षांचं भाडं आणि वेळ आलीच तर लॉकर फोडण्याचा खर्च यांच्यापुरतीच. म्हणजे आमच्या बाबतीत सहा हजार अधिक फोडणावळ. जुन्या लॉकरधारकांकडे, किंवा ज्यांचं खातं नीट चालू आहे त्यांच्याकडे, ही ठेवसुद्धा आग्रहाने मागायची नाही असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. मी हे सांगितल्यावर दोन लाखांचा विषय लगेच मिटला. पण लक्षात ठेवा, बँकेची जोखीम कशी मोजली आहे ते. किती वर्षांचं भाडं बुडू शकतं, फोडायला किती लागेल, सगळं रुपयापर्यंत.

आता आपली जोखीम कशी मोजली आहे ते बघू.

आग लागली, चोरी झाली, दरोडा पडला, इमारत कोसळली किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याने अफरातफर केली, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या चालू वार्षिक भाड्याच्या शंभर पट. भूकंप-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, काहीच नाही. 'शंभर पट' ऐकायला किती भारी वाटतं! पण शंभर पट कशाच्या? तर भाड्याच्या. आमच्यासाठी दोन हजार गुणिले शंभर म्हणजे दोन लाख.

हिशोब सोपा जावा म्हणून सोनं दहा ग्रॅमला एक लाख धरा (आजचा भाव तुम्ही घाला, निष्कर्ष आणखी वाईटच येईल). मध्यमवर्गीय घरात आजीचं, आईचं, लग्नात मिळालेलं मिळून वीस तोळे सहज निघतं. झाले वीस लाख. ते सगळं एका स्टीलच्या डब्यात मावतं, म्हणून आपण सगळ्यात छोटा लॉकर घेतो. भरपाई दोन लाख, म्हणजे दहा टक्के. आता समजा, शेजारच्या काकांनी मोठा लॉकर घेतला आहे, भाडं आठ हजार, आत घराची कागदपत्रं आणि चांदीची ताटं. चोरी झाली तर त्यांच्यासाठी आकडा आठ लाखांचा. म्हणजे तुमच्या नुकसानीचं माप सोन्यावर नाही, पेटीच्या घनफळावर! ज्या वस्तूसाठी लोक लॉकर घेतात ती जगातल्या सगळ्यात कमी जागा खाणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे, आणि जबाबदारी मात्र जागेच्या भाड्यावर बेतलेली. हा बग नाही मंडळी, हे डिझाइनच चुकलेलं आहे.

आणि हे सगळं काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, जुईनगरला, बँक ऑफ बडोदाच्या शाखेत चोरांनी जवळचा दुकानाचा गाळा भाड्याने घेतला, आतून जमिनीखाली बोगदा खणला आणि दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीत तीस लॉकर फोडले. सोमवारी बँक उघडल्यावर कळलं. त्या वेळी शंभर पटीचा नियमही नव्हता. आत काय होतं याची यादी बँकेकडे नसते, त्यामुळे काय गेलं हे ज्याचं त्यानेच सांगायचं. आजचा नियम तेव्हा असता तर छोट्या लॉकरवाल्याला लाख-दोन लाख मिळाले असते. काहीच न मिळण्यापेक्षा बरं, पण ज्याचा ऐवज गेला त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

नियम आला कसा तेही ऐका. कोलकात्याच्या अमिताभ दासगुप्ता यांचा लॉकर युनायटेड बँक ऑफ इंडियाने सप्टेंबर १९९४ मध्ये भाडं थकलं म्हणून फोडला. भाडं खरं तर भरलेलं होतं. त्यांना कळलं ते मे १९९५ मध्ये, पुढचं भाडं भरायला गेले तेव्हा. लॉकर तोवर दुसऱ्याला दिलेला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सात दागिने होते, परत मिळाले दोन. सुप्रीम कोर्टाने १९ फेब्रुवारी २०२१ ला बँकेला पाच लाखांची भरपाई आणि एक लाख खटल्याचा खर्च द्यायला लावलं, लॉकरच्या बाबतीत बँकांना हात झटकता येणार नाहीत असं बजावलं आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. ऑगस्ट २०२१ मध्ये ते आले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. गंमत बघा, ज्या खटल्यामुळे नियम आला त्यातली चूक सरळसरळ बँकेची होती. आणि आलेल्या नियमात बँकेचाच माणूस चोर निघाला तरी जबाबदारी तीच, भाड्याच्या शंभर पट.

बँकवाल्यांचा युक्तिवाद मला माहीत आहे. मामाच बँकेत होता. "आत काय ठेवलंय हे आम्ही बघत नाही, बघायची परवानगीही नाही. उद्या कोणी रिकाम्या लॉकरमध्ये एक किलो सोनं होतं म्हणेल, मग?" अगदी रास्त प्रश्न. पण याचं उत्तर रेल्वेने कधीच काढून ठेवलं आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १०३ वं कलम सांगतं, की मालाची किंमत जाहीर केली नाही तर भरपाई वजनाच्या हिशोबाने मर्यादित. किंमत जाहीर करून त्यावर टक्केवारीचा जादा आकार भरला तर जाहीर केलेल्या किमतीपर्यंत. लॉकरला हेच लावा ना! आत काय आहे ते सांगू नका, फक्त किंमत जाहीर करा, व्हॅल्युअरचा दाखला पाकिटात सील करून जमा करा आणि त्या प्रमाणात जास्त भाडं भरा. ज्याला नको त्याला शंभर पट आहेच. आज मात्र हा पर्यायच नाही. वर लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँकेने ग्राहकाला विकायचा नाही, असाही नियम आहे. तो योग्य आहे, नाहीतर लॉकरबरोबर पॉलिसी गळ्यात मारली गेली असती. पण मग विमा आपणच बाहेरून, विमा कंपनीकडून घ्यायचा हे करारनाम्यावर सही घेताना कोणीतरी सांगायला नको?

दुसरा भाग, बँक तुमच्याशिवाय लॉकर कधी उघडू शकते. सलग तीन वर्षं भाडं थकलं तर. आधी पत्र, ईमेल, एसएमएस, पत्र परत आलं तर दोन वर्तमानपत्रांत नोटीस (एक इंग्रजी, एक स्थानिक भाषेतलं), मग अधिकारी आणि दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर, व्हिडिओ काढून. कोर्टाचा किंवा सरकारी यंत्रणेचा आदेश असेल तर. आणि तिसरं कलम आपल्या ऑनसाइटवाल्या मित्रांसाठी: भाडं नियमित कापलं जातंय, पण सात वर्षं लॉकर उघडलाच नाही आणि तुमचा पत्ता लागत नाही, तरीही बँक तो उघडून पुढची कारवाई करू शकते. न्यू जर्सीत बसून ऑटो-डेबिट चालू आहे म्हणून निवांत राहू नका. नंबर आणि पत्ता अपडेट ठेवा, आलात की एकदा लॉकर उघडून या.

नंबर अपडेट हवा याचं आणखी एक कारण. लॉकर उघडला की त्याच दिवशी एसएमएस आणि ईमेल पाठवणं बँकेवर बंधनकारक आहे. तुम्ही ऑफिसात असताना असा मेसेज आला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किमान १८० दिवस ठेवायचं बंधन आहे. तक्रार दाखल झाली तर पोलीस तपास आणि वाद मिटेपर्यंत ते ठेवावं लागतं. तक्रारीशिवाय सहा महिने गेले तर पुरावा गेला.

शेवटचा रकाना नॉमिनीचा. आईने ताईचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे जरा अपराधी नजरेने बघितलं. तिला वाटलं, दागिने ताईच्या नावावर केले. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आईच्या पश्चात ताई जाईल, दोन साक्षीदारांसमोर यादी होईल, ताई ऐवज ताब्यात घेईल, पण सगळ्या वारसांच्या वतीने. वाटणी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात, पण लॉकरला ते एकामागून एक, म्हणजे पहिला हयात नसेल तरच दुसरा. खात्यातल्या पैशांसारखे टक्के वाटून देता येत नाहीत. कागदपत्रं पूर्ण दिल्यावर पंधरा दिवसांत बँकेने दावा हाताळून यादी करण्याची तारीख कळवायची, आणि उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये, असं रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश सांगतात. बघा, इथे बँकेच्या दिरंगाईला भाव लावता आला. त्यात लॉकरचं घनफळ आडवं आलं नाही.

आम्ही सही केली. करायलाच लागते, त्यात खोडाखोड चालत नाही. पण दोन्ही बाजूंच्या सहीची प्रत मागून घेतली (हा आपला हक्क आहे, "नंतर या" ऐकू नका). घरी येऊन प्रत्येक दागिन्याचा फोटो काढला, पेढीवर जाऊन वजन आणि किमतीचा दाखला घेतला आणि आता विम्याची चौकशी चालू आहे.

आई म्हणते, "एवढं सगळं आपणच करायचं, तर बँकेला भाडं कशाचं देतो?"

मॅडमना विचारायला हवं होतं. पण मागे रांग होती ना...